खोक्याच्या फोटोवरून बल्बचा पाच वर्षांचा हिशेब

बल्ब घेताना आपण अजूनही वॅटच विचारतो. दुकानात गेलो की ‘नऊ वॅटचा द्या’ म्हणतो, ऑनलाइन मागवताना शोधायच्या चौकटीतही तेच टाइप करतो. मग समोर खोक्यांच्या फोटोंची रांग लागते. जवळपास प्रत्येक खोक्यावर नऊचा आकडा ठळक असतो आणि किमती मात्र साठ रुपयांपासून अडीचशेपर्यंत पसरलेल्या असतात. सगळे नऊ वॅटचेच असतील तर साठवाला का घेऊ नये, असं कुणालाही वाटेल. पण त्याच फोटोत आणखी एक आकडा असतो, बहुतेकदा खोक्याच्या कडेला, बारीक अक्षरात. तो वाचून पाच वर्षांचं वीजबिल मांडलं की साठवाला बल्ब पुष्कळदा सगळ्यात महाग ठरतो. हा हिशेब पाचवीतल्या गुणाकार-भागाकारापलीकडे जात नाही. तो कसा मांडायचा आणि कुठे फसू शकतो, ते पाहू.

वॅट विचारायची सवय जुन्या तारेच्या बल्बने लावली. त्या काळी सगळे बल्ब एकाच पद्धतीने पेटायचे. काचेच्या फुग्यात टंगस्टनची तार तापायची, बहुतेक वीज उष्णतेत जायची आणि उरलेल्या थोड्या विजेचा उजेड पडायचा. कोणत्याही कंपनीचा साठचा बल्ब घेतला तरी उजेड साधारण सारखाच, सातशे ल्यूमेनच्या आसपास. शंभरचा घेतला तर तेराशेच्या आसपास. त्यामुळे वॅट सांगितले की उजेड सांगितल्यासारखंच होतं. एलईडीने हे नातं तोडलं. आज नऊ वॅटचा एक बल्ब ७२० ल्यूमेन देतो, दुसरा ९०० देतो, आणि सहा वॅटचा एखादा चांगला बल्बही ९०० देऊ शकतो. वॅट म्हणजे बल्ब खातो ती वीज आणि ल्यूमेन म्हणजे त्यातून बाहेर पडणारा एकूण उजेड. गाडीच्या भाषेत सांगायचं तर वॅट हे पेट्रोल आणि ल्यूमेन हे किलोमीटर. एका वॅटमागे किती ल्यूमेन मिळतात, ते बल्बचं अ‍ॅव्हरेज.

किमतीकडे पाहायची आपली नजरही जुन्या काळातलीच आहे. ५ जानेवारी २०१५ रोजी केंद्र सरकारची उजाला योजना सुरू झाली. तिच्या आदल्या वर्षी सरकारी खरेदीत एलईडी बल्ब ३१० रुपयांना पडत होता आणि दोन-तीन वर्षांत तो चाळीस रुपयांच्या खाली आला. बल्ब तीनशेला मिळत होता तेव्हा खरेदीची किंमत हा हिशेबातला मोठा भाग होता. आता नेहमीचा बल्ब शंभराच्या आत मिळतो, पण पाच वर्षांत तो जाळेल ती वीज सातआठशे रुपयांची असते. म्हणजे बल्बवर होणाऱ्या एकूण खर्चात किमतीचा वाटा नवव्या-दहाव्या हिश्शाएवढाच उरला. तरीही आपण घासाघीस करतो ती त्याच हिश्शासाठी.

आता फोटोकडे वळू. विक्रीच्या पानावर पहिला फोटो बहुधा खोक्याचा नसतो. ते संगणकावर सजवलेलं चित्र असतं. त्यात झळाळणारा बल्ब असतो आणि ‘६० वॅटच्या बरोबरीचा’ किंवा ‘८५ टक्के बचत’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. ते सोडून द्यावं, कारण बरोबरी कशाशी केली ते तिथे सांगितलेलं नसतं. पुढचे फोटो सरकवत खोक्याची कड आणि मागची बाजू शोधावी. विक्रेत्याने ती दाखवली नसेल, तर घेतलेल्या लोकांनी अभिप्रायासोबत टाकलेल्या फोटोंमध्ये ती बऱ्याचदा सापडते. तो फोटो हाती आलेल्या खऱ्या खोक्याचा असतो, म्हणून माझा त्यावर जास्त भरवसा आहे.

त्या बाजूवर काय शोधायचं? आधी वॅट. पानाच्या शीर्षकात दहा आणि खोक्यावर नऊ असा फरक पुष्कळदा आढळतो, तेव्हा खोक्यावरचा आकडा धरावा. मग ल्यूमेन, म्हणजे ज्या आकड्यापुढे lm लिहिलंय तो. इथे एक गफलत नेहमी होते. ‘१०० lm/W’ असं लिहिलेलं असतं आणि घाईत वाचणारा तो शंभर ल्यूमेनचा बल्ब समजतो. तिरकी रेघ आणि पुढे W असेल, तर तो एका वॅटमागचा उजेड असतो. एकूण उजेडासाठी त्याला वॅटने गुणायचं. हा गुणाकार खोकं खरं बोलतंय का, हे तपासायलाही कामाला येतो. ऊर्जा दक्षता ब्युरोचं तारांकित लेबल एलईडी बल्बना २०१८ पासून सक्तीचं आहे आणि एका वॅटमागचे ल्यूमेन त्यावर दिलेले असतात. समजा लेबलवर ९० आहे, बल्ब नऊ वॅटचा आहे आणि दर्शनी बाजूवर मोठ्या अक्षरात ९०० ल्यूमेन लिहिलंय. नऊ गुणिले नव्वद म्हणजे ८१०. दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असू शकत नाहीत. अशा वेळी हिशेबाला लेबलचा, म्हणजे लहान आकडा घ्यावा. आणि नुसते तारे मोजून निवड करू नये. ताऱ्यांचे निकष वेळोवेळी कडक होतात, त्यामुळे जुन्या मालावरचे तारे आणि नव्यावरचे तारे यांची तुलना होत नाही. ल्यूमेनची होते.

तिसरी गोष्ट किंमत. ती एका बल्बची काढायची. खोक्यावर नगांची संख्या छापलेली असते, पण फोटोत चार बल्ब दिसतात म्हणून चारचा संच येईलच असं नसतं. घरपोच आणायचा खर्च लागत असेल तर तोही धरायचा. त्याखाली वॉरंटीची वर्षं आणि उत्पादनाचा महिना टिपून ठेवावा. शेवटी भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह आणि R अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, ते पाहावं. एलईडी बल्बला ही नोंदणी सक्तीची आहे. ती नसलेल्या बल्बवरच्या ल्यूमेनचा हिशेब मांडण्यात अर्थ नाही, कारण तो आकडा कुणी तपासलेलाच नसतो.

खोक्यावर न मिळणारे दोन आकडे आपल्याच घरात असतात. दिवा रोज किती तास जळतो आणि आपल्याला एक युनिट केवढ्याला पडतं. युनिटच्या दरात बहुतेक जण चुकतात. एकूण बिलाला एकूण युनिटनी भागलं की सरासरी दर मिळतो, पण बल्ब बदलून वाचणारी युनिटं सरासरी दराने वाचत नाहीत. महाराष्ट्रात घरगुती विजेचे टप्पे आहेत: शंभर युनिटपर्यंत एक दर, पुढे तीनशेपर्यंत दुसरा, मग पाचशेपर्यंत तिसरा, आणि प्रत्येक टप्प्याला दर चढत जातो. ज्या घरात महिन्याला १८० युनिट जळतात, तिथे वाचलेलं युनिट दुसऱ्या टप्प्यातलं असतं, म्हणजे वरच्या दराचं. म्हणून बिल हातात घेऊन आपल्या सर्वांत वरच्या टप्प्याचा वीज आकार पाहावा. त्यात वहन आकार आणि असेल तर इंधन समायोजन आकार मिळवावा आणि बेरजेवर सोळा टक्के वीज शुल्क चढवावं. स्थिर आकार यात धरायचा नाही, कारण बल्ब कोणताही लावला तरी तो तेवढाच राहतो. पुढच्या उदाहरणात सोयीसाठी युनिटला दहा रुपये धरतो. तुमचा आकडा वेगळा निघाला तर तो घाला.

आता एक हॉल घेऊ, बारा फूट बाय बारा फूट. क्षेत्रफळ साडेतेरा चौरस मीटरच्या जवळपास. बसण्या-उठण्यासाठी, वर्तमानपत्र चाळण्यासाठी दर चौरस मीटरला दीडशे ल्यूमेन पोचले की पुरतात, म्हणजे एकूण दोन हजार. पण बल्बमधून निघालेला सगळा उजेड खाली येत नाही. भिंती, छत आणि दिव्यावरची काच मिळून त्यातला बराच गिळतात. निम्म्याहून थोडा जास्त पोचतो असं धरलं, तर बल्बमधून ३६०० ल्यूमेन निघायला हवेत. दिवे रोज पाच तास जळतात, म्हणजे वर्षाला १८२५ तास आणि पाच वर्षांत ९१२५ तास.

समजा फोटोंमधून तीन बल्ब निवडले. पहिला नऊ वॅट, ७२० ल्यूमेन, साठ रुपये. दुसरा नऊ वॅट, ९०० ल्यूमेन, नव्व्याण्णव रुपये. तिसरा सहा वॅट, ९०० ल्यूमेन, दोनशे चाळीस रुपये. ३६०० ल्यूमेनसाठी पहिले पाच लागतील, दुसरे चार, तिसरेही चार.

पहिल्याचे पाच बल्ब मिळून ४५ वॅट. त्याला ९१२५ तासांनी गुणून हजाराने भागलं की युनिट निघतात, जवळजवळ ४११. विजेचे ४१०६ रुपये आणि बल्बचे ३००, एकूण ४४०६. दुसऱ्याचे चार म्हणजे ३६ वॅट. विजेचे ३२८५ आणि बल्बचे ३९६, एकूण ३६८१. तिसऱ्याचे चार म्हणजे २४ वॅट. विजेचे २१९० आणि बल्बचे ९६०, एकूण ३१५०. खरेदीच्या दिवशी सगळ्यात स्वस्त वाटलेला संच पाच वर्षांत सगळ्यात महाग पडला, दुसऱ्याहून सव्वासातशे रुपयांनी आणि तिसऱ्याहून साडेबाराशेने.

इथे चोखंदळ वाचक विचारेल, की साठवाले पाच कशाला हवेत? चारच लावले तर? उजेड थोडा कमी पडेल, पण एवढा फरक डोळ्यांना चटकन कळतही नाही. हे खरं आहे. वीस टक्के उजेड कमी झाला तर तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही, आणि कमी ल्यूमेनचे बल्ब बाजारात खपतात त्याचं हेही एक कारण आहे. तर चारच लावू. ते २८८० ल्यूमेन देतील आणि पाच वर्षांचा खर्च ३५२५ रुपये होईल. पण एवढाच उजेड चालणार असेल, तर नव्व्याण्णववाले तीनच पुरे आहेत. ते २७०० ल्यूमेन देतात, सत्तावीस वॅट खातात आणि पाच वर्षांना २७६१ रुपयांत भागतं. उजेड जवळजवळ तेवढाच आणि खर्च साडेसातशेहून जास्त कमी. म्हणून क्रम असा ठेवावा: आपल्याला किती ल्यूमेन हवेत ते आधी ठरवायचं, मग ते किती वॅटमध्ये मिळतात ते पाहायचं आणि किमतीकडे त्यानंतर वळायचं.

तिसऱ्या बल्बबद्दल मात्र जरा थांबून बोलायला हवं, कारण त्याची बचत पूर्णपणे एका गृहीतावर उभी आहे, की तो पाच वर्षं टिकेल. दुसऱ्या संचापेक्षा तिसऱ्या संचाला आपण ५६४ रुपये जास्त मोजतो. बारा वॅट कमी जळतात, म्हणजे वर्षाला जवळजवळ बावीस युनिट, म्हणजेच २१९ रुपये वाचतात. जास्तीचे पैसे वसूल व्हायला दोन वर्षं सात महिने लागतात. खोक्यावर वॉरंटी दोन वर्षांची असेल, तर मधल्या सात महिन्यांची जोखीम आपली. त्या काळात चारपैकी एक बल्ब गेला आणि पदरचे २४० घालून नवा आणला, तरी एकूण ३३९० होतात आणि बचत उरते. दोन गेले तरी थोडीशी उरते. तिसरा गेला की दुसऱ्या संचाच्या पुढे खर्च जातो, अर्थात दुसऱ्यातले सगळे बल्ब धडधाकट राहिले असं धरून. म्हणून महागाचा बल्ब घेताना मी वॅट आणि ल्यूमेनच्या जोडीला हे तपासायला सांगेन, की पैसे वसूल व्हायचा काळ वॉरंटीच्या आत संपतो का. संपत असेल तर डोळे झाकून घ्यावा. वॉरंटीच्या फार पुढे जात असेल तर नव्व्याण्णववाला बरा.

हा काळ दोनच गोष्टींनी हलतो, तास आणि दर. शंभर युनिटच्या आत राहणाऱ्या घराला युनिट सहा रुपयांना पडत असेल, तर त्याच हॉलमधली बचत वर्षाला १३१ रुपयांवर येते आणि वसुलीला चार वर्षांहून जास्त लागतात. अशा घराने सहा वॅटच्या मागे धावू नये. उलट हॉलमधले दिवे रोज आठ तास जळत असतील आणि दर दहाचाच असेल, तर एक वर्ष सात महिन्यांत वसुली होते, म्हणजे दोन वर्षांच्या वॉरंटीच्या आत. न्हाणीघरातला दिवा दिवसाला अर्धा तास जळतो. तिथे एका बल्बमागे वर्षाला साडेपाच रुपये वाचतात आणि जास्तीचे १४१ रुपये वसूल व्हायला पंचवीस वर्षांहून अधिक जातील. तिथे साठवाला बल्बच योग्य. आणि सोसायटीच्या जिन्यात दिवा रात्रभर बारा तास जळतो. तोच दर धरला तर एका बल्बमागे वर्षाला १३१ रुपये वाचतात, तेरा महिन्यांत वसुली. दरवर्षी बल्बच्या खरेदीवर चर्चा करणाऱ्या सोसायट्यांनी हा आकडा सभेत मांडावा, कारण जिन्यात आणि वाहनतळात बल्बच्या किमतीपेक्षा त्याचे वॅट फार जास्त बोलतात.

खोक्यावर आयुष्याचाही आकडा असतो, बहुधा २५,००० तास. रोज पाच तास धरले तर ही साडेतेरा वर्षं होतात आणि ते वाचून पाच वर्षांची चिंता उरू नये असं वाटतं. पण हा आकडा मुख्यतः एलईडीच्या दाण्यांचा उजेड मूळच्या सत्तर टक्क्यांवर यायला किती काळ लागेल, ते सांगतो. बल्ब मरतो तो दाण्यांमुळे कमी आणि बुडातल्या ड्रायव्हरमुळे जास्त. ड्रायव्हर म्हणजे घरातल्या २३० व्होल्टच्या विजेला दाण्यांना झेपेल असं रूप देणारी छोटी पट्टी. तिच्यावरचा कपॅसिटर उष्णतेने हळूहळू सुकत जातो. काचेच्या बंद गोळ्यात किंवा छतातल्या खोबणीत लावलेला बल्ब म्हणूनच लवकर जातो, त्याची उष्णता बाहेर पडायला वाट नसते. व्होल्टेज सारखं वरखाली होणाऱ्या गावात, विशेषतः वीज गेल्यानंतर परत येते तेव्हाच्या झटक्यात, ड्रायव्हर जळतो. अशा ठिकाणी खोक्यावर व्होल्टेजची मर्यादा किती रुंद दिली आहे आणि झटक्यापासून संरक्षण किती किलोव्होल्टचं आहे, हे ल्यूमेनइतकंच महत्त्वाचं ठरतं. बल्ब कसा गेला यावरूनही कारण ओळखता येतं. लुकलुकायला लागला तर ड्रायव्हरवर संशय घ्यावा. एकदम बंद पडला आणि आतल्या एका दाण्यावर काळा ठिपका दिसला, तर तो दाणा जळलाय. दाणे एकामागोमाग एक माळेत जोडलेले असतात, त्यामुळे एक गेला की सगळी माळ विझते. वर्षभरातच उजेड मंदावला, तर दाण्यांना त्यांच्या कुवतीपेक्षा जास्त प्रवाह दिलेला असतो. थोड्या दाण्यांकडून भरपूर उजेड काढायची ही पद्धत बल्ब स्वस्त करते आणि आयुष्य खाते.

याच्या नेमका उलटा प्रयोग दुबईत झाला. २०१६ मध्ये दुबईच्या महापालिकेने फिलिप्सबरोबर करार करून ‘दुबई लॅम्प’ आणला. तो एका वॅटमागे २०० ल्यूमेन देणारा बल्ब होता. युक्ती साधी होती: दाणे जास्त घालायचे आणि प्रत्येकाला प्रवाह कमी द्यायचा. दाणे थंड राहतात, कमी वीज जाळतात आणि जास्त टिकतात. पण दाणे जास्त म्हणजे किंमतही जास्त. आपल्या उदाहरणातला दोनशे चाळीसचा सहा वॅटचा बल्ब त्याच विचाराचा आहे. म्हणूनच एका वॅटमागे खूप ल्यूमेन देणारा बल्ब चांगल्या कंपनीचा असेल, तर तो जास्त टिकण्याची शक्यताही वाढते. शक्यता म्हणतो, कारण ड्रायव्हर निकृष्ट असेल तर दाण्यांची मजबुती वाया जाते आणि ते फोटोत दिसत नाही.

ल्यूमेनच्या आकड्यात काय येत नाही, तेही लक्षात घ्यावं. एकाच मालिकेतला पांढरा शुभ्र ६५०० केल्विनचा बल्ब पिवळसर ३००० केल्विनच्या बल्बपेक्षा बहुधा थोडे जास्त ल्यूमेन देतो, म्हणून तुलना एकाच रंगाच्या बल्बांमध्ये करावी. आणि उजेडात वस्तूंचे रंग किती खरे दिसतात, याचा निर्देशांक खोक्यावर सीआरआय या नावाने दिलेला असतो. ८० किंवा त्याहून जास्त असावा. हा निर्देशांक खाली आणून ल्यूमेन वाढवता येतात, पण मग टोमॅटो मळकट आणि चेहरे निस्तेज दिसतात. स्वयंपाकघरात आणि आरशापाशी दहा टक्के ल्यूमेन सोडून खरा रंग घेणं मला जास्त पटतं.

बल्ब घरी आल्यावर खोक्याचा शब्द खरा आहे का, ते पाहता येतं. वॅटसाठी विजेचं मीटर पुरतं. त्यावर लुकलुकणारा लाल ठिपका असतो आणि शेजारी ३२०० imp/kWh असं काहीतरी छापलेलं असतं. याचा अर्थ एका युनिटला तो ३२०० वेळा लुकलुकतो. घरातली इतर सगळी उपकरणं बंद करावीत, फ्रिज आणि राउटरसुद्धा, आणि फक्त हे चार बल्ब लावावेत. छत्तीस वॅटला दोन लुकलुकींमध्ये साधारण एकतीस सेकंद जायला हवेत. बावीस-तेवीस सेकंदच लागत असतील, तर बल्ब पन्नासच्या आसपास वॅट खातायत. एकाच लुकलुकीवर विसंबू नये, दहा मोजून सरासरी काढावी. ल्यूमेन घरी मोजता येत नाहीत, पण दोन बल्बांची तुलना करता येते. मोबाइलवरचं लक्स मोजणारं अ‍ॅप उघडावं, फोन टेबलावर एका जागी ठेवावा आणि त्याच होल्डरमध्ये आधी एक, मग दुसरा बल्ब लावावा. प्रत्येकाला पंधरा मिनिटं तापू द्यावं, कारण गार असताना एलईडी थोडा जास्त उजेड देतो. दोन्ही बल्बांचा आकार आणि उजेड फेकायची दिशा सारखी असायला हवी. अ‍ॅपचा आकडा मुळात बरोबर असेलच असं नाही, पण दोन वाचनांचं प्रमाण बऱ्यापैकी विश्वासाचं असतं. खोक्यांवर ९०० आणि ७२० असेल तर वाचनंही पाचास चारच्या प्रमाणात यायला हवीत.

राहिली वॉरंटी. ती मिळते बिलावर आणि बहुतेक घरांत बिल सापडत नाही. त्यामुळे बल्ब लावायच्या आधी त्याच्या बुडाच्या पांढऱ्या भागावर बारीक मार्करने तारीख आणि खोलीचं नाव लिहावं, मग खोक्याची ल्यूमेनची बाजू आणि बिल यांचा एकत्र फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवावा. बल्ब गेला की तारखेवरून वॉरंटी उरली आहे की नाही ते कळतं. शिवाय आपल्या घरात, आपल्या व्होल्टेजवर, तो बल्ब खरोखर किती टिकला हेही कळतं. पुढच्या खरेदीच्या वेळी पाच वर्षांऐवजी तो काळ हिशेबात घालावा.